भर दुपारच्या गल्लीत निऑनची रात्र कशी आणायची

प्रश्न: सराफ्याकडे जाणाऱ्या गल्लीचा दुपारचा फोटो आहे, रॉ फाइल आहे. लाइटरूममध्ये शॅडोजना सायन आणि हायलाइट्सना मॅजेंटा दिला, सायबरपंकचे दोन-तीन तयार प्रीसेटही लावून पाहिले. रात्र काही होत नाही, रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीतून गल्ली निघाल्यासारखी दिसते. स्लायडर किती ठेवायचे?

उत्तर:

आकडे सांगतो, पण ते शेवटी येतील, कारण तुमची अडचण रंगाच्या फार आधी सुरू झालेली आहे. दिवसा उजेड वरून येतो. सगळं आभाळच एक मोठा दिवा असतं, म्हणून आभाळाकडे तोंड करून असलेली प्रत्येक गोष्ट उजळते: दुकानापुढची ताडपत्री, रिक्षाचं टप, स्कूटरची सीट, माणसांची डोकी, गच्चीचे कठडे. दुकानाच्या आतला भाग, ओट्याखालची जागा, सज्जाची खालची बाजू हे सगळं काळोखात जातं. शहरातली रात्र याच्या नेमकी उलट असते. उजेड दुकानातून, पाट्यांतून, म्हणजे खालून आणि बाजूने येतो. सज्जाची खालची बाजू उजळते, टप काळं पडतं आणि आभाळ हा फोटोतला सगळ्यांत अंधारा भाग होतो.

आता तुमच्या प्रीसेटने काय केलं ते पाहा. त्याला दिवा कुठे आहे हे कळत नाही, फक्त उजळ काय आणि गडद काय एवढंच कळतं. सगळ्यांत उजळ होतं आभाळ, म्हणून आभाळ गुलाबी झालं. सगळ्यांत गडद होत्या दुकानांच्या आतल्या जागा, जिथे खरं तर दिवे लागायला हवेत, तिथे त्याने निळसर अंधार भरला. रंग बरोबर निवडले होते, पण पडले ते उलट्या जागी. ‘गेर’ची उपमा तुम्ही अगदी नेमकी दिलीत. रंग वरून उधळल्यासारखा दिसतो, कारण तो खरोखरच वरून आलेल्या उजेडावर बसलाय.

राहता इंदूरलाच ना? मग एक काम करा. रात्री दहा-साडेदहाला सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाल तेव्हा भुट्ट्याच्या किसाची वाटी हातात घेऊन दोन मिनिटं नुसतं वर बघा. दुकानांच्या पातळीला लख्ख उजेड, पहिल्या मजल्यावर निम्मा, तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या जेमतेम दिसतात आणि त्यावर काहीच नाही. गाडीमागे उभ्या असलेल्या माणसाच्या हनुवटीखाली उजेड आणि केसांवर अंधार. तिथले दिवे पांढरे-पिवळे असतात, मॅजेंटा नाहीत, पण उजेडाचा नकाशा हाच. हा नकाशा डोक्यात बसला की निम्मं काम झालं.

जुन्या सिनेमांत भर दुपारी चित्रण करून ते रात्र म्हणून दाखवायचे, हे तुम्ही ऐकलं असेल. कॅमेऱ्याचं एक्सपोजर दोनेक स्टॉप कमी करायचं, निळा फिल्टर लावायचा, आभाळ फ्रेमबाहेर ठेवायचं. फ्रेंच लोक याला ‘अमेरिकन रात्र’ म्हणतात. तिथे ते खपतं, कारण ती चांदण्याची रात्र असते. चंद्रही सूर्यासारखाच एकटा, वरून उजेड देणारा आणि समांतर सावल्या टाकणारा, म्हणजे नुसता उजेड कमी केला आणि निळा केला तरी दिशा खरीच राहते. निऑनच्या गल्लीत हा आधार मिळत नाही. इथे आधी दिवस विझवायचा आणि मग एकेक दिवा लावायचा. ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती याच क्रमाने करावी लागतात.

तुमचा फोटो मला दिसत नाही, म्हणून एक गोष्ट तुम्हीच तपासा. रस्त्यावरच्या सावल्या पाहा. स्कूटरची सावली कडक, कापल्यासारखी पडलेली असेल, तर हा फोटो अवघड आहे. उन्हाच्या सगळ्या सावल्या एकमेकींना समांतर असतात. दिव्याच्या सावल्या मात्र दिव्याच्या बुंध्यापासून चहूकडे फाकतात. पाहणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण कुठेतरी खोटं आहे हे त्याला जाणवतं. अशा फोटोत मी सावल्या पुसत बसत नाही, दुसरा फोटो काढतो. ढगाळ दुपार, आणि त्यातही सर नुकतीच पडून गेलेली असेल, तर तो या कामासाठी सोन्यासारखा फोटो. सावल्या मऊ असतात आणि ओला रस्ता प्रतिबिंबं देतो. ऊन असलंच तर गल्लीचा सावलीतला भाग निवडा, किंवा सूर्य समोर ठेवून काढलेला फोटो घ्या. त्यात आपल्याकडे तोंड केलेल्या बाजू मुळातच अंधाऱ्या असतात.

आता मी केलेला एक फोटो घेऊन सांगतो, म्हणजे आकड्यांना अर्थ येईल. गेल्या पावसाळ्यात राजवाड्यामागच्या एका गल्लीत दुपारी चारला काढलेला, आभाळ भरलेलं, रस्ता ओला. डावीकडे बांगड्यांच्या दुकानाची लांब पाटी, उजवीकडे थोडी पुढे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाची उभी पाटी, मधे पिवळ्या टपाची रिक्षा, दोन स्कूटर, आणि वर आपल्याकडचं ते विजेच्या तारांचं जाळं. फाइल सहा हजार पिक्सेल रुंद. काम फोटोशॉपमध्ये केलं. लाइटरूमच्या मास्कमध्ये यातलं बरंचसं होतं, पण दिव्यांची झळाळी होत नाही.

पहिलं काम, दिवस विझवणं. कॅमेरा रॉमध्ये Exposure −२.२ केलं, Temp साधारण ५५०० वरून ४००० वर आणलं, Highlights पूर्ण खाली, Saturation −४०. Contrast वाढवायचा मोह होतो, पण इथे वाढवू नका. दिवसाचे रंग निम्मे उतरवले, कारण रात्री दिव्याबाहेरच्या वस्तूंचे रंग डोळ्यालाही नीट कळत नाहीत, आणि पुढे रंगीत उजेड टाकताना मूळचे भडक रंग आडवे येतात. या टप्प्याला फोटो पावसाळी संध्याकाळसारखा, मळकट आणि कंटाळवाणा दिसला पाहिजे. तो आताच सुंदर दिसत असेल तर समजा की तुम्ही जास्त केलंय.

मग आभाळ. इथे बहुतेक लोक Select Sky ने आभाळ निवडतात, ते काळं करतात आणि मग तारांभोवती पांढरी किनार निघते. इंदूरच्या गल्लीत चाळीस तारा असतील तर चाळीस पांढऱ्या रेघा, त्या पुसत रात्र घालवायची. मी निवडच करत नाही. वरून खाली विरत जाणारा गडद निळा-जांभळा ग्रेडियंट Multiply मोडमध्ये टाकतो, वर जवळजवळ काळा, पहिल्या मजल्याच्या सज्जापर्यंत येता येता पारदर्शक. Multiply मध्ये उजळ भाग खाली येतो आणि तारा आधीच काळ्या असतात म्हणून काळ्याच राहतात. किनार निघायला जागाच उरत नाही. शिवाय ग्रेडियंट इमारतींच्या वरच्या मजल्यांवरही पसरतो, जे आपल्याला हवंच आहे. दोनदा टाकावा लागला तर टाका. फक्त आभाळ शाईसारखं काळं करू नका. शहराचं रात्रीचं आभाळ क्षितिजाजवळ किंचित मळकट उजळ असतं, ते राहू द्या.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच बहुतेकांकडून राहून जातं. मऊ ब्रश घेऊन, Curves ची एक गडद लेयर मास्कने उघडत, आभाळाकडे तोंड केलेली प्रत्येक गोष्ट खाली आणायची: रिक्षाचं टप, सीटा, ताडपत्री, हेल्मेट, डोकी, कठड्यांच्या वरच्या कडा. माझ्या फोटोत यालाच चाळीस मिनिटं गेली. एवढं करून थांबा आणि एक चाचणी घ्या: सगळ्यात वर काळ्या रंगाची लेयर Color मोडमध्ये ठेवून फोटो कृष्णधवल करून बघा. लाइटरूममध्ये नुसतं V दाबलं तरी चालतं. कृष्णधवलमध्ये रात्र वाटत नसेल तर मॅजेंटाने ती वाटणार नाही. मी पुढच्या प्रत्येक टप्प्याला हीच चाचणी घेतो.

आता दिवे लावायचे, आणि मुख्य चूक इथेच होते. लोक ब्रशवर मॅजेंटा रंग घेऊन भिंतीवर फासतात. मग भिंत उजळत नाही, रंगवल्यासारखी दिसते, कारण अंधारात बुडालेल्या भिंतीत पोत उरलेलाच नसतो. पण तो पोत आपल्याकडे आहे! मूळ दुपारच्या फोटोत त्या भिंतीचा प्रत्येक पोपडा लख्ख उजेडात टिपलेला आहे. मग तोच फोटो परत बाहेर काढायचा, फक्त दिवा जिथे पोचतो तेवढाच, आणि दिव्याच्या रंगातून गाळून.

करायचं असं. रॉ फाइल स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून उघडलेली असेल तर New Smart Object via Copy ने तिची स्वतंत्र प्रत काढा, ती सगळ्या गडद लेयरच्या वर ठेवा, डबल-क्लिक करून तिचं Exposure −०.३ पर्यंत परत वर आणा. साधी Duplicate प्रत काढू नका, नाहीतर दोन्हींचे आकडे एकत्र बदलतात. तिच्यावर मॅजेंटाची सॉलिड कलर लेयर Multiply मध्ये, त्या प्रतीलाच क्लिप केलेली. मी वापरलेला रंग `#D92BB5`. मग प्रतीच्या मास्कमध्ये पूर्ण काळा भरा, म्हणजे सगळं अदृश्य, आणि मऊ पांढऱ्या ब्रशने, Flow १० टक्क्यांवर, बांगड्यांच्या पाटीखालची भिंत, ओट्याची पुढची कड, सज्जाची खालची बाजू हळूहळू उघडत जा. सायनसाठी असाच दुसरा संच, रंग `#2BC4D9`, उजवीकडच्या पाटीपासून. भिंतीचे पोपडे, शटरच्या पन्हळी, पोस्टरचे फाटके कोपरे रंगीत उजेडात जागे होतात, आणि आतापर्यंत मळकट असलेला फोटो इथे पहिल्यांदा खरा वाटायला लागतो.

Multiply च का, हेही सांगतो, कारण ते कळलं की पुढचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील. वस्तूचा रंग म्हणजे ती कुठला उजेड परत फेकते ते. मॅजेंटा दिव्यात लाल आणि निळा उजेड असतो, हिरवा नसतो. सायनमध्ये हिरवा आणि निळा, लाल नसतो. रिक्षाचं पिवळं अंग लाल आणि हिरवा उजेड परत फेकतं. मग त्यावर मॅजेंटा पडला तर फेकण्याजोगा फक्त लाल उरतो आणि पिवळी रिक्षा त्या बाजूने लालसर दिसते. सायन पडला तर हिरवी दिसते. लाल रंगाचं शटर सायन दिव्यात जवळजवळ काळं होतं, आणि ते बरोबरच आहे. Multiply हा गुणाकारच आपोआप करतो. वस्तू फक्त रंगवली तर रिक्षा दोन्हीकडे सारखीच गुलाबी-निळी होते आणि डोळा लगेच पकडतो. Saturation आधी निम्मं उतरवलेलं हवं ते याचसाठी. मूळ रंग फार भडक असले तर प्रत्येक वस्तू वेगळ्याच रंगाची होऊन गोंधळ उडतो. म्हणून या प्रतींचंही Saturation −३०च्या आसपास ठेवा, पण शून्यावर नेऊ नका, ही लाल-हिरवी गंमत जिवंत राहू द्या.

उजेड किती लांब न्यायचा? छोट्या दिव्याचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. लांब पाटीजवळ तो इतक्या वेगाने उतरत नाही, पण गल्लीच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचेतो त्याची नुसती छटा उरायला हवी. नवशिक्यांच्या कामात मॅजेंटा अर्ध्या फोटोवर एकसारखा पसरलेला असतो, आणि अंधार कुठेच नसतो. निऑन चमकतो तो शेजारी काळोख आहे म्हणून. माझ्या फोटोत उजेडाखाली आलेला भाग मोजला तर निम्म्याहून बराच कमी भरेल.

प्रत्येक पृष्ठभागाला विचारा की तुझं तोंड कोणत्या पाटीकडे आहे. रिक्षाची डावी बाजू मॅजेंटा, उजवी बाजू सायन, मधे टपाची एक काळी पट्टी. ती काळी पट्टीच रिक्षाला गोलाई देते, ती भरून टाकू नका. दोन्ही उजेड एकाच जागी पडत असतील, जसं की रस्त्याच्या मध्यावर, तर तिथे रंग आणखी गडद होत नाही, फिका पडतो. मॅजेंटा आणि सायन उजेड मिळून फिकट निळसर-जांभळा होतो. तिथे मी दोन्ही मास्क थोडे थोडे उघडतो, आणि वरची प्रत Screen मोडमध्ये ठेवतो म्हणजे उजेडात उजेड मिसळतो, एकाने दुसऱ्याला झाकलं असं होत नाही.

आता खुद्द पाट्या. दुपारच्या फोटोत त्या नुसत्या छापील फ्लेक्स असतात, पेटलेल्या नसतात. इथे एक उलटी वाटणारी गोष्ट आहे: पेटलेल्या निऑन नळीचा गाभा फोटोत रंगीत नसतो, जवळजवळ पांढरा असतो. कॅमेऱ्याला तो उजेड झेपत नाही, म्हणून गाभा पांढरा पडतो आणि रंग दिसतो तो भोवतीच्या झळाळीत. अक्षरांमध्येच गच्च मॅजेंटा भरला तर ती रंगाने लिहिलेली पाटी दिसते, दिवा दिसत नाही. मी अक्षरांवर पांढऱ्यात मॅजेंटाची चिमूट घातलेला रंग भरला. त्या अक्षरांच्या मॅजेंटा रंगातल्या दोन प्रती काढल्या, एकीला Gaussian Blur १२ पिक्सेल, दुसरीला १५० पिक्सेल, दोन्ही Screen मोडमध्ये, दुसरीची Opacity ३५ टक्के. छोटी झळाळी नळीला चिकटून बसते, मोठी हवेत विरते. हे पिक्सेल सहा हजार रुंदीच्या फाइलचे आहेत. तुमची फाइल तीन हजारांची असेल तर निम्मे घ्या.

जाता जाता: निऑन वायूचा स्वतःचा उजेड तांबूस-नारिंगी असतो. १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात जॉर्ज क्लोद यांनी दाखवलेल्या पहिल्या नळ्या त्याच रंगाच्या होत्या. बाकीचे रंग दुसरे वायू, पारा आणि नळीच्या आतले लेप यांच्यामुळे येतात. त्यामुळे एखादी छोटी पाटी नारिंगी ठेवली तर ती सगळ्यांत खरी निऑन असेल! मी एखादा पिवळट दिवा नेहमी ठेवतोच, चहाच्या टपरीवरचा बल्ब असतो तसा. सगळं मॅजेंटा-सायन असलं की डोळा त्याला सरावतो आणि रंग मरतात. एक उबदार ठिपका असला की दोन्ही पुन्हा चमकतात. आणि दोघांपैकी एकाला पुढारी करा. माझ्या गल्लीत सायन पाहुणा आहे, घर मॅजेंटाचं. दोघे समसमान असले की फोटो वाटणी केलेल्या वाड्यासारखा दोन तुकड्यांत पडतो.

प्रतिबिंबांबद्दल थोडक्यात. रस्ता खरोखर ओला असेल तरच करा. पेटलेली पाटी उभी उलटी करून तिच्या खाली रस्त्यावर ठेवायची, Motion Blur ९० अंशांवर म्हणजे उभा, Screen, Opacity ३० टक्के. मग मूळ फोटोत रस्ता जिथे ओलसर चमकत होता तेवढ्याच जागी मास्कने दाखवायची. कोरड्या डांबरावर प्रतिबिंब पडत नाही, नुसता रंगाचा पसरट डाग पडतो. कोरड्या रस्त्यावर खोटी डबकी काढलेले फोटो मी पुष्कळ पाहिलेत, आणि एकाही फोटोत मला डबकं दिसलेलं नाही, काचच दिसते.

माणसं असतील तर चेहऱ्याला एकच रंग द्या, आणि दुसरा फक्त गालाच्या किंवा केसांच्या कडेला पातळ रेघेसारखा. सायन दिव्यात त्वचा आजारी दिसते, कारण त्वचेचा मुख्य रंग लाल आणि सायनमध्ये लाल उजेडच नाही. मी चेहऱ्यावर मॅजेंटा घेतो आणि सायन मागून देतो. तुमच्या गल्लीतून राजवाडा डोकावत असेल तर त्याला मात्र फार रंगवू नका. त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत; दगड रंगीत उजेड छान घेतो, पण वरचं काळपट लाकूड तो गिळून टाकतं. तिथे जोर लावलात तर नुसती धुरकट गुलाबी पुटं चढतात. वर त्याची आकृती अंधारात तेवढी ठेवा, ती जास्त शोभते.

एवढं झाल्यावर तुम्ही विचारलेले स्लायडर. Ctrl+Alt+Shift+E दाबून सगळ्या लेयरची एकत्रित प्रत वर काढा, तिच्यावर कॅमेरा रॉ फिल्टर लावून Color Grading मध्ये शॅडोज Hue १९५, Saturation १५. हायलाइट्स Hue ३१५, Saturation १०. बस. तुम्ही सुरुवातीला हेच केलं होतंत, बहुधा पन्नास-साठवर. इथे त्याचं काम फक्त वेगवेगळ्या लेयर एका वातावरणात बांधायचं आहे. अंधाराला किंचित निळसर-हिरवट झाक मिळते. शेवटी Grain १५ टाका. आभाळाचा मऊ ग्रेडियंट आठ बिटच्या जेपेगमध्ये पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो, दाण्याने त्या मोडतात. काम करताना फाइल सोळा बिटवर असू द्या, नाहीतर पायऱ्या आधीच पडलेल्या असतात आणि मग दाणाही कामाचा नाही.

बिघडलंय हे कळायच्या दोन खुणा सांगतो. उजळ मॅजेंटा भागावर झूम करून बघा, शटरच्या पन्हळी दिसत नसतील, सपाट गुलाबी पत्रा दिसत असेल, तर लाल आणि निळा चॅनेल टोकाला जाऊन आपटलेत. तिथे रंग कमी करण्यापेक्षा मास्कची तीव्रता उतरवा. दुसरी खूण, फोटो मोबाइलवर अगदी छोटा करून बघा. नखाएवढ्या आकारात दिवे कुठे आहेत हे कळलं पाहिजे. फक्त गुलाबी-निळा डाग दिसत असेल तर अंधार कमी पडलाय.

आणि छापायचं असेल तर आधीच सांभाळा. मी एका कॅफेच्या भिंतीसाठी अशीच गल्ली करून दिली होती, दहा फुटांचा फ्लेक्स. स्क्रीनवर मॅजेंटा पेटलेला, छापून आला तो वांग्याच्या रंगाचा, आणि सायन चुन्यात नीळ कालवल्यासारखा. छापखान्याची चूक नव्हती. शाईचं नाव मॅजेंटा आणि सायनच असलं, तरी स्क्रीनचा पेटता मॅजेंटा कागदावर उतरत नाही. स्क्रीन उजेड फेकते, शाई उजेड खाते. मीच Ctrl+Shift+Y दाबून बघितलं नव्हतं. तो दाबला की न छापता येणारे रंग राखाडी दिसतात, आणि माझी अर्धी गल्ली राखाडी झाली असती. दुसऱ्यांदा दिली तेव्हा मी रंगांचा भडकपणा वाढवण्याचा नाद सोडला, आजूबाजूचा अंधार आणखी खाली नेला आणि पाट्यांचे गाभे कोऱ्या कागदाएवढे पांढरे सोडले. तो फ्लेक्स अजून त्या भिंतीवर आहे.